मांड्या भरलेल्या असतील तर शॉर्ट्स आणि स्विम ट्रंकची लांबी कशी ठरवावी, आणि कमरेला इलॅस्टिक घ्यावं की नाडी

पाच इंची शॉर्ट्स मी पहिल्यांदा घेतली तेव्हा आरशात ती झकास दिसली होती. पण आरशासमोर माणूस उभा असतो, चालत नसतो. बाहेर पडून पन्नासेक पावलं टाकली आणि मांड्यांच्या आतलं कापड वर सरकायला लागलं. शंभर पावलांवर दोन्ही पायांचं कापड जांघेत गोळा झालं होतं आणि मी दर दोन मिनिटांनी इकडेतिकडे बघत ते खाली ओढत होतो. पुढे तीच शॉर्ट्स धाकट्या भावाने वर्षभर वापरली, त्याला एकदाही हात लावावा लागला नाही. आमची उंची सारखी, कंबर जवळपास सारखी. फरक एवढाच की त्याच्या मांड्या एकमेकींना लागत नाहीत आणि माझ्या लागतात.

उंची बघून लांबी ठरवायची, हा सल्ला सगळीकडे मिळतो. बुटक्याने पाच इंच, मध्यम उंचीच्याने सात, उंच माणसाने नऊ. भावासारख्या पायांना हा हिशोब चालून जातो. मांड्या जाड असल्या की तो कोलमडतो, कारण तिथे किनार गुडघ्याच्या किती वर दिसते यापेक्षा ती मांड्यांच्या कुठल्या भागावर येते हे महत्त्वाचं ठरतं. पुढचं सगळं मुख्यतः अशा पायांसाठी आहे. काटकुळ्या पायांची गोष्ट सोपी आहे, ती वाटेत उरकून घेऊ.

इनसीम म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत

शॉर्ट्स टेबलावर सपाट पसरा. पुढचे दोन आणि मागचे दोन अशा चार तुकड्यांच्या शिवणी दोन पायांच्या मधोमध जिथे भेटतात, तो चौक म्हणजे इनसीमची सुरुवात. तिथून आतल्या शिवणीला धरून खालच्या किनारीपर्यंत टेप लावायची, की झाला इनसीम. पाच इंच म्हणजे 12.7 सेंटीमीटर, सात म्हणजे 17.8 आणि नऊ म्हणजे 22.9. इथून पुढे मी सेंटीमीटरच वापरतो, कारण एक-दोन सेंटीमीटरचा फरक इथे खरोखर जाणवतो.

दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, काही पोहण्याच्या चड्ड्यांवर, विशेषतः लाटांवर खेळायच्या लांब बोर्डशॉर्ट्सवर, लिहिलेला आकडा इनसीमचा नसतो. तो कमरेच्या वरच्या कडेपासून बाहेरच्या शिवणीने किनारीपर्यंतचा असतो. अठरा इंच वाचून घाबरायचं कारण नाही. त्यातली दहा-अकरा इंच कंबर ते चौक यातच जातात आणि इनसीम सात-आठ इंचांचाच निघतो. दुसरी फसगत जास्त बारीक आहे. कापडाचा चौक अंगाला चिकटून बसत नाही, तो साधारण दोन सेंटीमीटर खाली राहतो. ढगळ शॉर्ट्समध्ये तीन किंवा चारसुद्धा. म्हणजे सात इंची शॉर्ट्सची किनार अंगावर जांघेपासून 17.8 नाही, जवळपास 20 सेंटीमीटरवर येते. हे दोन सेंटीमीटर लक्षात ठेवा, हिशोबात लागणार आहेत.

मांडीची मापं

टेप, बॉलपेन, एक जाडसर कार्ड आणि खुर्ची एवढं सामान पुरतं. मोजताना अंगात घट्ट बसणारी अंडरवेअर असू द्या.

आधी मांड्या कुठपर्यंत एकमेकींना लागतात ते शोधायचं. नेहमीसारखे उभे राहा, पाय एकमेकांपासून चार बोटं दूर. मुद्दाम पाय फाकवले किंवा चिकटवले तर माप खोटं येतं. कार्ड आडवं धरून गुडघ्यांच्या मधून वर सरकवत न्या. जिथे ते दोन्ही मांड्यांना टेकून अडतं तिथे पेनने खूण करा. आता एक पातळ पुस्तक दोन पायांमध्ये घालून वर जांघेपर्यंत टेकवा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून खुणेपर्यंत मोजा. हा झाला तुमचा घासणारा पट्टा. माझा 13 सेंटीमीटर भरतो. भावाचं कार्ड थेट पुस्तकाला जाऊन लागलं. म्हणजे त्याचा पट्टा शून्य.

मग त्याच कडेपासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापर्यंत मोजा. माझ्याकडे हे 28 सेंटीमीटर आहे. शॉर्ट्सला मिळणारी एकूण जागा एवढीच.

शेवटचं माप घेराचं, आणि चूक होते ती इथेच. बहुतेक जण मांडी सगळ्यात जाड असते तिथे, म्हणजे जांघेच्या लगेच खाली, टेप गुंडाळतात. ते माप पँट शिवताना कामाचं. शॉर्ट्सला किनार जिथे येणार तिथला घेर हवा. माझी मांडी वरती 62 सेंटीमीटर आहे, जांघेपासून 15 सेंटीमीटर खाली 56 आणि 20 सेंटीमीटर खाली 51. पाच सेंटीमीटर खाली गेलं की पाच सेंटीमीटर घेर कमी होतो. म्हणजे शॉर्ट्स जेवढी आखूड, तेवढी तिच्या पायाची तोंडं मोठी असावी लागतात. बाजारात बऱ्याचदा उलटं दिसतं: आखूड शॉर्ट्स शिवताना तोंडंही निमुळती ठेवलेली असतात.

हेच घेर खुर्चीत बसून पुन्हा मोजा. बसलं की मांडी दबून पसरते. माझ्या दोन्ही मापांत तीन-तीन सेंटीमीटर वाढले, 56 चे 59 आणि 51 चे 54 झाले.

पाच की सात: माझ्या पायांचा हिशोब

चालताना शॉर्ट्सची आतली किनार वर सरकते. न ताणणाऱ्या कापडात हे सरकणं तीन-चार सेंटीमीटरपर्यंत जातं. किनार घासणाऱ्या पट्ट्याच्या खाली राहिली तर पुढचं पाऊल टाकताना ती परत खाली येते, कारण तिथे तिला धरायला काही नसतं. ती एकदा का पट्ट्यात शिरली की दोन मांड्या तिला चिमटीत पकडतात, आणि प्रत्येक पावलागणिक थोडी थोडी वर ओढतात. खाली यायला वाटच उरत नाही. म्हणून उभं असताना किनार पट्ट्याच्या खाली निदान पाच सेंटीमीटर हवी.

माझा पट्टा 13. त्यात 5 मिळवले, 18 झाले. कापडाचा चौक 2 सेंटीमीटर खाली असतो, ते वजा केले. उरले 16, म्हणजे सव्वासहा इंच. या मापाची शॉर्ट्स सहसा मिळत नाही, म्हणून पुढची सात इंची. ती अंगावर 20 वर येते, पट्ट्याच्या सात सेंटीमीटर खाली आणि गुडघ्याच्या वाटीच्या आठ सेंटीमीटर वर. बसल्यावर वर सरकली तरी लाज राखते. पाच इंचीची किनार 14.7 वर यायची, पट्ट्याच्या जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर खाली. पन्नासाव्या पावलाला ती आत का शिरायची ते हे गणित केल्यावर कळलं.

नऊ इंची घेतली असती तर? ती 25 वर, गुडघ्याच्या तीन सेंटीमीटर वर आली असती. घासणं नाही, पण पायरी चढताना कापड गुडघ्यावर अडतं, आणि जाड मांडीवर लांब शॉर्ट्स घातली की पाय आणखी ठेंगणे दिसतात. हे माझं मत. कुणाला गुडघ्यापर्यंत झाकलेलंच बरं वाटत असेल तर त्याने खुशाल नऊ घ्यावी, फक्त कापड थोडं ताणणारं बघावं.

आता तोंडाचा घेर. न ताणणाऱ्या कापडाला बसलेल्या मांडीच्या घेरापेक्षा चार सेंटीमीटर तरी जास्त हवेत. सात इंचीला माझा हिशोब 54 अधिक 4, म्हणजे 58. शॉर्ट्स सपाट पसरून किनार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली तर 29 भरायला हवी. पाच इंचीला हेच माप 31.5 लागतं. माझ्या जुन्या पाच इंचीची किनार मोजली तर 29 निघाली, म्हणजे घेर 58, आणि बसल्यावर मांडी तिथे 59. खुर्चीतून उठलो की शॉर्ट्स मांडीला चिकटून वरच राहायची, ते त्यामुळे. कापड ताणणारं असेल तर चारऐवजी एक-दोन सेंटीमीटर पुरतात. उलट बारा-पंधरा सेंटीमीटर जास्त झाले की शॉर्ट्स घागऱ्यासारखी हलते आणि खाली बसलं की समोरच्याला नको ते दिसतं.

बारीक पायांचा नेमका हाच त्रास. भावासारख्यांचा पट्टा शून्य असतो, त्यामुळे त्यांना पाच, सहा, सात काहीही चालतं. त्यांनी लांबीत वेळ न घालवता तोंडाचा घेर बघावा. सहा-सात सेंटीमीटरपेक्षा जास्त मोकळा वाटला तर शिंप्याकडून बाहेरच्या शिवणीतून आत घ्यावा. आतल्या शिवणीतून घेतला तर चौकाजवळ कापड ओढलं जातं.

मांडीसाठी मोठा साइज घेतला की कंबर बोलायला लागते

घेर कमी पडला की आपण एक साइज वरची शॉर्ट्स उचलतो. मीही तेच करतो, आणि बऱ्याचदा दुसरा इलाजही नसतो. पण एक साइज वर गेलं की कंबरही साधारण पाच सेंटीमीटरने वाढते. कंबर सैल झाली की शॉर्ट्स खाली घसरते, आणि ती तीन सेंटीमीटर घसरली की चौकही तीन सेंटीमीटर खाली येतो. मग दोन मांड्यांच्या मध्ये कापडाचा पूल तयार होतो. एक पाय उचलला की तो पूल दुसऱ्या पायाचं कापडही ओढतो. इनसीम बरोबर निवडूनही शॉर्ट्स घासते, आणि आपण लांबीला दोष देत बसतो. लांबी खरं तर कमरेपासून सुरू होते. म्हणून इलॅस्टिक की नाडी हा नुसता आवडीचा प्रश्न नाही.

इलॅस्टिकचं काम कमरेला सतत थोडं दाबून धरण्याचं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते अंगाबरोबर बदलतं. उभं असताना माझी कंबर, म्हणजे शॉर्ट्स जिथे बसते तिथे, 88 सेंटीमीटर आहे. बसलं की पोट पुढे येतं आणि ती 92 होते. इलॅस्टिक हे चार सेंटीमीटर गुपचूप सोसतं. नाडीला ते जमत नाही. उभं राहून आवळली की बसल्यावर काचते, बसून बांधली की उभं राहिल्यावर सैल.

इलॅस्टिक पुरेसं आहे की नाही हे टेपने कळतं. शॉर्ट्स न ताणता टेबलावर ठेवा, कंबर सपाट मोजा, दुप्पट करा. ते तुमच्या कमरेच्या 85 ते 90 टक्के असावं. माझ्या मापाची शॉर्ट्स सपाट 39 भरते, दुप्पट 78, म्हणजे 88 च्या जवळपास 89 टक्के. छान पकडते. एक साइज वरची घेतली की सपाट 42, दुप्पट 84, म्हणजे 95 टक्के. खिशात फोन ठेवला की ती निघाली खाली. दुसरीकडे 80 टक्क्यांच्या खाली गेलं तर कमरेवर लाल वळ उठतात आणि पोट असेल तर कडा दुमडून खाली गुंडाळली जाते. मग कंबर पूर्ण ताणून पुन्हा मोजा. ती तुमच्या नितंबांच्या सगळ्यात रुंद घेरापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर जास्त ताणली गेली पाहिजे, नाहीतर घालता-काढताना टाके तटतटून तुटतात.

म्हणून माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे मांडीच्या मानाने कंबर बारीक असणाऱ्यांसाठी, माझा कौल दोन्हीला आहे: नेफ्यात इलॅस्टिक आणि त्याच नेफ्यातून फिरणारी खरी नाडी. मोठ्या साइजमुळे वाढलेले पाच सेंटीमीटर नाडी आवळते आणि बसता-उठतानाचे चार सेंटीमीटर इलॅस्टिक सांभाळतं. पण नाडीने आवळायलाही मर्यादा आहे. सात-आठ सेंटीमीटरपर्यंत चुण्या बऱ्या दिसतात. त्यापुढे पोटाखाली कापडाचा बोचका होतो. दोन साइज वर जाऊ नका. तेवढा घेर लागत असेल तर वेगळ्या कापणीची, मांडीला मोकळी शॉर्ट्स शोधा.

भाऊ फक्त इलॅस्टिकवर खूश आहे. त्याला त्याचाच साइज बसतो, त्याने नाडीचा बोजा कशाला वागवावा?

नाडी खरी आहे का

घेताना समोर लोंबणारी दोन टोकं बघून विश्वास ठेवू नका. कित्येक शॉर्ट्सना नाडीचे दोन तुकडे नुसते पुढे शिवलेले असतात, शोभेपुरते. एक टोक ओढून बघा. दुसरं टोक आत जात असेल तर नाडी कमरेभोवती फिरते आहे. एकही टोक हललं नाही, तर ती शोभेची. तिसरा प्रकारही असतो: ओढल्यावर पाठीमागचं इलॅस्टिक ताणल्यासारखं वाटतं पण नाडीचं टोक आत जात नाही. तिथे नाडीचे दोन तुकडे इलॅस्टिकच्या दोन टोकांना जोडलेले असतात. हा प्रकार वाईट नाही, आवळता येतं, पण जोडाची शिवण उसवली की सगळा खेळ संपतो.

नेफ्यालाही बोटांनी चाचपा. इलॅस्टिक आत सुटं असेल तर ते एका ठिकाणी पीळ खाऊ शकतं, आणि रुंद असेल तर बसल्यावर दुमडतं. मात्र सैल पडल्यावर ते बदलता येतं. इलॅस्टिकवरून दोन-तीन आडव्या शिवणी मारलेल्या असतील तर ते सपाट राहतं, पण सैल झालं की ते काढणं म्हणजे तासन्‌तास टाके उसवत बसणं. रोज वापरायच्या शॉर्ट्सला मी शिवलेलं इलॅस्टिक घेतो, पोहायच्या ट्रंकला सुटं. कारण पुढे येतंच.

पाण्यात गणित बदलतं

पोहायला जायच्या ट्रंकला दोन वेगळी ओझी असतात. एक, पाणी कापडाला ओढतं. भिंतीला पाय रोवून आपण पुढे झेपावतो तेव्हा पाणी डोक्याकडून पायांकडे वाहतं आणि ट्रंक खाली खेचतं. डोक्यावर सूर मारला तर ते नेफ्याच्या वरच्या कडेतून आत घुसतं आणि ट्रंकचं नरसाळं होतं. मी हे भोगलंय. शोभेची नाडी असलेली ट्रंक घालून मी तलावात पहिलाच सूर मारला, वर आलो तेव्हा ट्रंक गुडघ्यांवर होती. सुदैवाने पाणी छातीपर्यंत होतं. दोन, बाहेर येताना खिशांत आणि कापडात पाणी साठलेलं असतं, आणि ते वजन नुसत्या घर्षणावर टिकलेल्या इलॅस्टिकला पेलत नाही.

म्हणून पाण्यात उभं राहून गप्पा मारायच्या असतील तर इलॅस्टिक पुरे. पोहायचं, सूर मारायचा किंवा लाटांत शिरायचं असेल तर खरी नाडी हवीच. बोर्डशॉर्ट्सना तर बहुधा इलॅस्टिकच नसतं. ताठ कमरपट्टी, समोर उघडणारी फट आणि तिच्यावर बांधायची नाडी. लाटांसाठी ती उत्तम, पण कंबर अचूक मापाची लागते, कारण तिथे सावरून घेणारं काही नसतं.

विकत घेण्याआधी ट्रंक भिजवून बघता येत नाही, म्हणून मी एक युक्ती करतो. दोन्ही खिशांत फोन, किल्ल्या, पाकीट असं प्रत्येकी पावशेराच्या आसपास वजन ठेवतो, नाडी न बांधता जागच्या जागी दहा उड्या मारतो. कमरेची कड एका बोटापेक्षा जास्त खाली आली तर त्या इलॅस्टिकचा पाण्यात भरवसा नाही. मग नाडी बांधून पुन्हा दहा उड्या. आता जराही हलायला नको.

लांबीचं काय? ओलं कापड मांडीला चिकटतं. एकदा वर सरकलं की कोरड्यासारखं आपसूक खाली येत नाही, आणि खाऱ्या पाण्याने ओली झालेली कातडी चालताना जास्त सोलवटते. म्हणून नुसत्या ट्रंकसाठीही माझा सात इंचांचा हिशोब कायम राहतो. बाहेरच्या शिवणीला खालून तीन-चार सेंटीमीटरची फट असेल तर फारच उत्तम, पाय उचलताना तेवढी मोकळीक मिळते. नऊ इंची मात्र पोहायला नको; ओलं कापड गुडघ्याला धरतं आणि प्रत्येक लाथेला अडवतं.

आखूडच हवी असेल तर एक वाट आहे. आत ताणणाऱ्या कापडाची, मांडीला घट्ट बसणारी चड्डी शिवलेली ट्रंक घ्या. त्या आतल्या चड्डीची लांबी मोजा. ती घासणाऱ्या पट्ट्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त हवी. माझ्यासाठी 15, म्हणजे सहा इंच. ती मांडीला धरून राहते, सरकत नाही, कातडी कातडीला लागू देत नाही. मग बाहेरचं कापड पाच इंची असलं तरी बिघडत नाही, फक्त आतली चड्डी थोडी डोकावते. जाळीची आतली चड्डी मात्र जाड मांड्यांना शत्रू आहे. तिच्या पायाचं इलॅस्टिक नेमकं जांघेच्या वळीत बसतं, त्यात वाळू अडकली की संध्याकाळी चालणं मुश्कील. जाळी कापून टाकायची असेल तर शिवणीपासून अर्धा सेंटीमीटर सोडून कापा. शिवणीला कात्री लागली तर नेफाच उसवेल.

गाठ, जी ओली होऊनही सुटते

सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ सुटत नाही. पोहताना आपल्याला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं असतं: पाण्यात न सुटणारं, बाहेर आल्यावर एका ओढीत सुटणारं. सुती नाडी पाणी पिऊन फुगते, तिच्यावर निरगाठ मारली की नखं तुटेपर्यंत निघत नाही. गोल गुळगुळीत पॉलिएस्टरची नाडी उलट, आपणहून निसटते. चपटी विणलेली नाडी मला सगळ्यात बरी वाटते.

बुटाच्या लेससारखी फुलाची गाठ पुरते, पण एक गोष्ट बघा. बांधल्यावर फुलाच्या दोन पाकळ्या कमरेला समांतर, डावी-उजवीकडे पसरायला हव्यात. त्या वर-खाली उभ्या राहत असतील तर गाठ चुकलीय आणि ती हलता हलता सुटेल. दुरुस्ती सोपी आहे: पहिली अढी मारताना उजवं टोक डाव्यावरून घेता, तर पाकळ्या बांधताना डावी उजवीवरून घ्या. टोकं आत खोचून टाका.

शेवटची तपासणी आणि देखभाल

घरी आणल्यावर लेबल काढण्याआधी शॉर्ट्स घालून पन्नास पावलं चाला, एक पाय खुर्चीवर ठेवा, मग उकिडवे बसा, मग खुर्चीत बसून उठा. उठल्यावर शॉर्ट्स न ओढता खाली आली, तर तोंडाचा घेर बरोबर. चालल्यावर आतली किनार बाहेरच्या किनारीपेक्षा तीन बोटं वर गेलेली दिसली, तर ती लांबी तुमची नाही. लांब शॉर्ट्स कापून आखूड करता येते. तेव्हा दुमडीसाठी अडीच ते तीन सेंटीमीटर सोडा, आणि ट्रंकला सुती नव्हे, पॉलिएस्टरचा दोरा वापरायला सांगा. आखूड शॉर्ट्स लांब करायला मात्र बहुधा दुमडीत कापडच नसतं.

तलावातल्या क्लोरीनने ताणणारे धागे मरतात, म्हणून ट्रंकचं इलॅस्टिक रोजच्या शॉर्ट्सच्या आधी जातं. बाहेर आल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून घ्या, कंबर पिळू नका, सावलीत वाळवा. तरी कधीतरी ते सैल पडणारच, म्हणून ट्रंकला सुटं इलॅस्टिक बरं. नेफा मागच्या बाजूने चार सेंटीमीटर उसवा, जुनं इलॅस्टिक पूर्ण न ओढता थोडंसंच बाहेर काढून कापा, त्याच्या एका टोकाला नवं टाचून घ्या आणि दुसऱ्या टोकाने ओढत आणा, म्हणजे ओवत बसावं लागत नाही. नव्याची लांबी कमरेच्या 85 ते 90 टक्के, अधिक जोडासाठी दोन सेंटीमीटर. पीळ नाही ना, हे सगळीकडून चाचपून मगच टोकं शिवा. आणि नेफा बंद करता करता नाडीलाही पाठीच्या मधोमध चार टाके घाला, म्हणजे धुताना ती एका बाजूने निसटून आत जाणार नाही.